सहा हजार सहाशे सदुसष्ट

आमच्या घरात ही गोष्ट एका ठरलेल्या पद्धतीने सांगितली जाते. भाच्याने कॉम्प्युटरवर शिष्यवृत्तीचा हिशोब मांडला, कॉम्प्युटर चार रुपयांनी चुकला, बँकेतून निवृत्त झालेल्या आजोबांनी ती चूक बोटांवर मोजून पकडली आणि नातवाला चांगले सुनावले. सांगणारा बदलला की चारचे चाळीस होतात, सुनावणे थोडे लांबते, पण मुद्दा तोच राहतो. बाबांच्या कपाटातली फाइल माझ्याकडे आल्यावर मी त्या जून २०१८ चे कागद तारखेनुसार लावले, तेव्हा ध्यानात आले की या गोष्टीतले जवळपास प्रत्येक वाक्य दुरुस्त करावे लागेल. कॉम्प्युटर चुकला नव्हता. चूक चार रुपयांची नव्हती. आणि सुनावले तर कुणीच कुणाला नव्हते.

कागद पाच आहेत. पहिला म्हणजे भाच्याच्या अंदाजपत्रकाची दोन पानी छापील प्रत, तिच्यावर बाबांच्या पेन्सिलीच्या खुणा. दुसरा शिष्यवृत्तीच्या माहितीपत्रकाचा प्रिंट. तिसरी बाबांची रोजखर्चाची वही. चौथा फुलस्केपचा एक कागद, मधोमध रेघ मारून दोन रकाने केलेला, डावीकडे बाबांचे अक्षर आणि उजवीकडे भाच्याचे. पाचवी ताईच्या मुलीच्या अकरावीच्या क्लासची पावती. पुढच्या वर्षीचे काही कागद याच फाइलमध्ये आहेत, त्यांच्याकडे शेवटी येते.

शिष्यवृत्ती होती ‘इन्स्पायर’. केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २००८ मध्ये ही योजना सुरू केली. बारावीला आपापल्या बोर्डात वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञानाच्या पदवीला प्रवेश घेणाऱ्या मुलांसाठी तिच्यात वर्षाला १२,००० शिष्यवृत्त्या ठेवलेल्या होत्या. भाचा बारावीनंतर पुण्यात बी. एस्सी. ला गेला. पहिले वर्ष घरच्या पैशावर आणि दाजींनी पतसंस्थेतून काढलेल्या कर्जावर पार पडले. दरम्यान शिष्यवृत्तीसाठी निवड झाल्याचे कळले होते, पण जून २०१८ पर्यंत खात्यात रक्कम आलेली नव्हती. दुसऱ्या वर्षापासून घरावरचा भार कमी करायचा, या हेतूने त्याने सुट्टीत अंदाजपत्रक केले.

ते अंदाजपत्रक नीटनेटके आहे, हे आधी सांगितले पाहिजे. पहिल्या पानावर वर्षाचा हिशोब. जमेच्या बाजूला शिष्यवृत्ती ८०,००० आणि घरून १८,०००, एकूण ९८,०००. खर्चात कॉलेजची फी १५,०००, वसतिगृह २४,०००, मेस ३०,०००, पुस्तके आणि जर्नल ६,०००, सातारा-पुणे प्रवास ६,०००, फोन ३,०००, हातखर्च १२,०००. एकूण ९६,०००. शिल्लक २,०००. दुसऱ्या पानावर हेच सगळे आकडे बाराने भागून महिनावार मांडलेले. घरून येणारी रक्कम महिना १,५०० धरली होती. ठरलेले होते ३,०००. आईला निम्मीच रक्कम पाठवावी लागेल, हे मुलाला त्या पानावरून सिद्ध करायचे होते आणि त्याच्या दृष्टीने ते सिद्ध झाले होते.

ताईने त्यावर विश्वास ठेवून पुढचे पाऊल टाकले. वाचलेले महिना १,५०० म्हणजे वर्षाचे १८,००० तिने धाकटीच्या अकरावीच्या क्लासला लावले. पावती ११ जूनची आहे: एकूण फी १८,०००, पहिला हप्ता ६,००० जमा, उरलेले दोन हप्ते बाकी. अंदाजपत्रकात काही गफलत निघाली तर ती आता फक्त पुण्यातल्या मुलाच्या खिशाला लागणार नव्हती. साताऱ्यातल्या मुलीचा क्लास त्याच आकड्यावर उभा होता.

प्रिंट कधी काढले, ते वहीवरून कळते. ९ जूनला बाबांनी लिहिले आहे, ‘प्रिंट २ पाने – १०’. म्हणजे नातवाच्या हिशोबाचे प्रिंट आजोबांनी स्वतःच्या पैशाने आणले. पडद्यावर पाहून त्यांचे समाधान होणार नव्हते. राष्ट्रीयीकरणानंतरच्या मोठ्या भरतीत ते बँकेत लागले आणि कॉम्प्युटर येण्याआधीची बरीच वर्षे त्यांनी लेजरवर काढली. त्या काळात शाखेत ठरावीक मुदतीने ‘बॅलन्सिंग’ व्हायचे. प्रत्येक खात्याची शिल्लक उतरवून काढायची, बेरीज करायची आणि ती जनरल लेजरच्या आकड्याशी जुळवायची. जुळली नाही तर ‘डिफरन्स’ शोधत रात्र जायची. आकडा कागदावर असावा, हातात पेन्सिल असावी आणि वरून खाली केलेली बेरीज खालून वर पुन्हा करावी, ही त्यांची सवय तिथली.

पहिल्या पानावर ही सवय स्पष्ट दिसते. प्रत्येक आकड्याशेजारी बारीक बरोबरची खूण आहे आणि बेरजांखाली दोन खुणा, एक उतरत्या आणि एक चढत्या बेरजेची. इथे त्यांना काही सापडले नाही. सापडणारही नव्हते, कारण बेरीज चोख होती.

दुसऱ्या पानावर पेन्सिल थांबली आहे. शिष्यवृत्तीच्या ओळीत बारा महिन्यांखाली बारा वेळा ६,६६७ छापलेले आहे आणि ओळीच्या शेवटी ८०,०००. बाबांनी त्याखाली लिहिले, ८०,००४. तीच गोष्ट एकूण जमेच्या ओळीत: छापलेले ९८,०००, पेन्सिलीने ९८,००४. शिलकीतही २,००० च्या जागी २,००४.

घरच्या गोष्टीतले ते चार रुपये हे असे आले. त्यांचे कारण साधे आहे. ८०,००० ला बाराने भागले की ६,६६६ रुपये आणि न संपणारे पैसे उरतात. स्प्रेडशीट आत पूर्ण अपूर्णांक ठेवते, पण रकान्यात पैसे दाखवायचे नाहीत असे सांगितले असेल तर पडद्यावर आणि कागदावर ६,६६७ दिसते. बेरीज मात्र दिसणाऱ्या आकड्यांची होत नाही, आत ठेवलेल्या आकड्यांची होते. म्हणून यंत्राचे ८०,००० बरोबर होते आणि छापील आकडे हाताने मिळवणाऱ्या बाबांचे ८०,००४ ही बरोबर होते. भाच्याने हे त्याच दिवशी समजावून सांगितले असावे, कारण ओळीच्या टोकाला पेन्सिलीनेच ‘पैसे लपवले आहेत’ अशी टीप आहे आणि ८०,००४ वर हलकी रेघ मारलेली आहे.

दुसरा कुणी असता तर इथे थांबला असता. फरक सापडला, कारण कळले, प्रकरण मिटले. पण त्याच पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बाबांनी जे लिहिले आहे, त्यावरून त्यांचे मन कसे चालले होते ते दिसते. पहिली ओळ: ‘४ ÷ ९ नाही.’ दुसरी: ‘४ ÷ २ = २. दोनची नोंद नाही.’ बँकेत डिफरन्स शोधताना केल्या जाणाऱ्या या दोन जुन्या परीक्षा. लिहिताना दोन अंकांची अदलाबदल झाली, ५४ चे ४५ झाले, तर फरकाला नेहमी नवाने भाग जातो. एखादी रक्कम जमेऐवजी नावे पडली तर फरक त्या रकमेच्या दुप्पट येतो, म्हणून फरकाच्या निम्मी रक्कम कुठे आहे का, ते पाहायचे. कारण ठाऊक झाल्यावरही त्यांनी दोन्ही परीक्षा लावल्या, कारण लहान फरक निरुपद्रवी असतो यावर त्यांचा विश्वास नव्हता. दोन मोठ्या चुका एकमेकींना जवळजवळ खाऊन टाकतात तेव्हाही मागे चार-दोन रुपयेच उरतात. असा फरक सस्पेन्स खात्यात टाकून पुस्तक मिटवायचा मोह शाखेत सगळ्यांना होतो आणि वर्षभराने तेच खाते उघडावे लागते, हे ते आम्हाला नेहमी सांगायचे.

तिसरी ओळ या सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे. ‘बाकी सर्व रकमा १२ ने सुटतात. हीच का सुटत नाही?’

पान पुन्हा पाहिले की त्या प्रश्नातले बळ कळते. फी महिना १,२५०. वसतिगृह २,०००. मेस २,५००. पुस्तके ५००, प्रवास ५००, फोन २५०, हातखर्च १,०००. एकूण खर्च महिन्याला बरोबर ८,०००. सगळ्या पानावर एकच रक्कम अशी होती जी महिन्यांत वाटताना फुटत होती, आणि ती सर्वांत मोठी होती. महिन्याच्या मापाने दिली जाणारी सरकारी रक्कम सहसा महिन्याला पूर्ण रुपयांत ठरते आणि मग बाराने गुणून वर्षाची होते. इथे उलटे झाले होते. कुणीतरी वर्षाचा आकडा घेऊन तो खाली भागत आणला होता. चार रुपयांनी बाबांना चूक दाखवली नाही. कुठे वाचायचे ते दाखवले.

आणि मग ते माहितीपत्रकाकडे गेले. त्या प्रिंटवर ८०,००० या आकड्याभोवती भाच्याच्या निळ्या पेनाचे वर्तुळ आहे. पुढे रकमेची फोड दिलेली आहे: विद्यार्थ्याला महिना ५,००० प्रमाणे वर्षाला ६०,०००, आणि उन्हाळ्यात मान्यताप्राप्त संशोधकाच्या हाताखाली प्रकल्प करण्यासाठी मार्गदर्शन-निधी म्हणून २०,०००. त्या ओळीखाली पेन्सिलीची सरळ रेघ आहे. वर्तुळ आणि रेघ यांच्यातले अंतर म्हणजे ही चूक.

ती मुकी चूक होती असे मी म्हणते, ते यासाठी. ८०,००० हा आकडा खोटा नव्हता, कागदावर छापलेला होता. त्याची बेरीज चुकली नव्हती, भागाकार चुकला नव्हता, जमा आणि खर्च जुळत होते आणि वर शिल्लकही उरत होती. हिशोबशास्त्र सांगते की तेरीज जुळली म्हणजे पुस्तके निर्दोष ठरत नाहीत. रक्कम योग्य पण खाते चुकीचे, असे झाले तर तेरजेला त्याचा पत्ता लागत नाही. इथे तेच झाले. प्रकल्पासाठीचे २०,००० मेस, फोन आणि एसटीच्या पैशांत येऊन बसले होते. ती रक्कम मुलगा प्रकल्प करील तेव्हाची आणि त्यासाठीची. तो करायला मार्गदर्शक शोधावा लागतो, उन्हाळा द्यावा लागतो, काम पुरे करून अहवाल लिहावा लागतो. भाच्याने तोपर्यंत मार्गदर्शक शोधला नव्हता आणि पहिल्या वर्षाचा उन्हाळा तसाच सरत होता.

दुरुस्त आकडे घातले की पान लगेच बदलते. शिष्यवृत्ती ६०,०००, घरून १८,०००, एकूण ७८,०००. खर्च ९६,०००. दोन हजारांची शिल्लक जाऊन अठरा हजारांची तूट येते, म्हणजे धाकटीच्या क्लासची जेवढी फी तेवढीच.

आता तारखांचा प्रश्न. ही गोष्ट बाबांच्या केव्हा ध्यानात आली? कोऱ्या बाजूवरच्या आकडेमोडीवर तारीख नाही. पण वहीत १० जूनच्या दुधाच्या बिलानंतर आणि १२ जूनच्या वीजबिलाच्या आधी, दोन ओळींच्या मधल्या जागेत, त्याच पेन्सिलीने लिहिले आहे: ‘५,००० × १२ = ६०,०००. तूट १८,०००.’ ती जागा नंतर शोधून लिहिण्यासारखी नाही, तिथे पुढची नोंद थोडी खाली सरकवून केलेली आहे. म्हणजे १२ जूनच्या आधी बाबांना सगळे समजले होते.

दोन रकान्यांच्या फुलस्केपवर मात्र तारीख आहे १४ जून. डाव्या रकान्याला मथळा ‘शंका’, उजव्याला ‘पूर्तता’. बँकेच्या शाखेची तपासणी झाली की तपासनीस असाच कागद देतो. त्यात तो चूक झाली असे लिहीत नाही. काय दिसले नाही ते विचारतो आणि शाखेने आधार दाखवून उत्तर द्यायचे असते. बाबांनी नातवाला सहा शंका लिहून दिल्या. फीची पावती कुठल्या वर्षाची, यंदा वाढली आहे का? मेस बारा महिने धरली की दहा? वसतिगृहाचे पैसे एकदम भरायचे की हप्त्याने? चौथी शंका अशी: ‘महिना ६,६६७ ही रक्कम कोणत्या कागदात आहे? ओळ दाखव.’

उत्तर मिळून दोन दिवस झालेला माणूस हा प्रश्न विचारतो आहे. त्याच्या प्रश्नात ६०,००० नाही, २०,००० नाही, चुकलास हा शब्द नाही. उजव्या रकान्यात भाच्याने आधी लिहिले, ‘कागदात वर्षाला ८०,००० आहेत, मी १२ ने भागले.’ ते खोडलेले आहे, पण वाचता येते. त्याखाली, जास्त दाबून लिहिलेले: ‘कागद पुन्हा वाचला. महिना ५,००० आहे. २०,००० उन्हाळी प्रकल्पाचे आहेत, माझ्या खर्चाचे नाहीत. आजोबा, १८,००० कमी पडतात.’

म्हणून घरच्या गोष्टीत ‘आजोबांनी चूक पकडली’ हे अर्धेच खरे आहे. त्यांनी ती आधी पकडली आणि मग नातवाला ती स्वतः सापडेल अशा जागी नेऊन उभे केले. तूट किती, हेही त्यालाच काढू दिले. मला वाटते, हा त्यांच्या नोकरीचाही भाग होता. चूक तपासनीसाने दुरुस्त केली तर पुढच्या वर्षी ती पुन्हा होते. ज्याचे पुस्तक, त्याने दुरुस्त केली तर त्याची वाचायची पद्धत बदलते.

पाचवी आणि सहावी शंका पैशांच्या तारखांबद्दल आहे. ‘वसतिगृह आणि फी जुलैत. शिष्यवृत्ती कधी?’ महिनावार पानाने ही गोष्ट झाकली होती. प्रत्येक महिन्यात जमा ८,१६७ आणि खर्च ८,००० दिसत होता, जणू पैसे महिन्याच्या महिन्याला येतात आणि जातात. प्रत्यक्षात फी आणि वसतिगृह मिळून ३९,००० जुलैच्या पहिल्या आठवड्यात भरायचे होते आणि शिष्यवृत्ती वर्षाची एकदम, तीही मागाहून येणार होती. बाबांच्या पिढीला तारखेची किंमत नियमानेच शिकवली होती. ३१ मार्च २०१० पर्यंत बचत खात्यावर महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर व्याज मिळत असे. अकरा तारखेला भरलेल्या पैशाला त्या महिन्याचे व्याज मिळत नसे, मग तो वीस दिवस खात्यात राहिला तरी. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकीवर व्याज सुरू झाले. रक्कम तीच असली तरी ती कोणत्या दिवशी हातात आहे यावर तिचे मोल ठरते, हे ज्यांनी हजारो खात्यांवर मोजले, त्यांना बाराने भागलेले वर्ष पटणे कठीण होते.

उपाय त्याच कागदाच्या मागच्या पानावर आहे आणि तो दोघांनी मिळून केला, कारण अक्षरे आलटून-पालटून येतात. भाच्याने हातखर्च निम्मा केला. खर्च ९०,००० झाला. घरून महिना १,५०० ऐवजी २,५०० घ्यायचे ठरले, वर्षाचे ३०,०००. उरलेले ६०,००० शिष्यवृत्तीचे. जमा आणि खर्च जुळले, पण या वेळी शिल्लक शून्य आहे आणि शिष्यवृत्तीसमोर ‘मागील वर्षाची, या वर्षी येणारी’ असे लिहिले आहे. यापुढचा नियमही तिथेच ठरला. शिष्यवृत्ती ज्या वर्षाची, त्याच्या पुढच्या वर्षाच्या खर्चात ती धरायची.

पैसे येईपर्यंतचे अंतर भरण्यासाठी बाबांनी आपल्या एका मुदत ठेवीवर ओव्हरड्राफ्ट घेतला. ठेव मोडली असती तर व्याज कमी दराने मिळाले असते. ठेवीवरच्या ओव्हरड्राफ्टला ठेवीच्या दराहून एक टक्का जास्त व्याज पडत होते, साडेआठ टक्के, आणि तेही जेवढी रक्कम जेवढे दिवस उचलली तेवढ्यावरच. खर्च किती येईल याचा अंदाज त्यांनी ‘प्रॉडक्ट’ पद्धतीने काढला आहे. रक्कम गुणिले ती किती महिने वापरली, अशा गुणाकारांची बेरीज करायची आणि तिच्यावर एका महिन्याचे व्याज लावायचे. पैसे मार्चअखेर येतील असे वाईटातले वाईट धरले. जुलैत एकदम उचललेले ३९,००० नऊ महिने, म्हणजे ३,५१,०००. शिवाय दरमहा १,७५० प्रमाणे उचललेल्या रकमा, पहिली नऊ महिने, दुसरी आठ, अशा उतरत्या, त्यांचे ७८,७५०. मिळून ४,२९,७५०. साडेआठ टक्क्यांनी एका महिन्याचे व्याज ३,०४४ रुपये. शिष्यवृत्ती उशिरा येण्याची किंमत एवढी, आणि ती मूळ अंदाजपत्रकाच्या कुठल्याच ओळीत नव्हती. तिच्यासमोर बाबांनी लिहिले आहे, ‘माझ्याकडे.’

क्लासचे काय झाले, ते फुलस्केपवर नाही. ते वहीत आहे. घरून भाच्याला जायचे ३,००० चे २,५०० झाल्याने वर्षाला ६,००० सुटत होते आणि तेवढा एक हप्ता ताईने भरलेलाच होता. उरलेले १२,००० सप्टेंबर आणि डिसेंबरच्या नोंदींत आहेत, दोन्ही वेळा सहा हजार, नातीच्या नावापुढे. भाच्याच्या अंदाजपत्रकाशी त्यांचा संबंध वहीत कुठेही जोडलेला नाही. माझ्या भाचीला तिचा क्लास त्या जूनमध्ये धोक्यात आला होता, हे मी पावती आणि वही शेजारी ठेवून दाखवेपर्यंत माहीत नव्हते.

पैसे आले जानेवारी २०१९ च्या अखेरीला. भाच्याच्या पासबुकात ६०,००० ची एक नोंद आहे आणि दोन दिवसांनी बाबांचे ओव्हरड्राफ्ट खाते पुरते फेडल्याची नोंद. सात महिन्यांचे व्याज दोन हजार तीनशेच्या घरात पडले.

फाइलमधला शेवटचा कागद जून २०१९ चा आहे, भाच्याचे तिसऱ्या वर्षाचे अंदाजपत्रक. शिष्यवृत्ती ६०,०००, मागील वर्षाची. महिनावार पान आहे, पण त्यात काहीही बाराने भागलेले नाही. प्रत्येक रक्कम ज्या महिन्यात येणार किंवा जाणार त्याच महिन्याखाली आहे, आणि जुलैत मोठी तूट उघड दिसते. वीस हजारांना वेगळे पान दिले आहे, त्यावर उन्हाळी प्रकल्पाची जागा, मुदत, मार्गदर्शकाच्या संमतीपत्राची तारीख आणि अहवाल द्यायचा दिवस आहे. आणि प्रत्येक आकड्यापुढे एक नवा रकाना आहे, ‘आधार’. त्यात पावतीचा क्रमांक, पत्राची तारीख, माहितीपत्रकातली ओळ लिहिलेली आहे. दोन ठिकाणी आधार मिळाला नाही, तिथे रकाना कोरा सोडून ती रक्कम बेरजेत धरलेलीच नाही. बाबांनी या पानावर पेन्सिलीने फक्त बेरजा तपासल्या आहेत, एक उतरती, एक चढती. शंकांचा कागद त्या वर्षी निघाला नाही. आमच्या घरात ही गोष्ट यापुढे सांगायची असेल तर चार रुपयांवर थांबू नये. ‘आधार’ या रकान्यापर्यंत ती सांगावी, कारण आजोबांना नातवाकडून जे हवे होते ते तिथे लिहिलेले आहे.